आकडे झाका, अभ्यास दाखवा

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभाग सांभाळतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या सत्रातली मुलं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात आणि सत्र संपत आलं की त्यांची ब्लॅक बुकं तपासणीसाठी माझ्या टेबलावर येतात. परीक्षेच्या दिवसांत बोलावणं आलं, की एक्स्टर्नल म्हणून कॉलेजात बसून अशाच रिपोर्टांवर मी प्रश्नही विचारतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यामुळे मला दोन टोकं सतत दिसतात. एका रिपोर्टात ग्राहकाचं ड्रॉइंग जसंच्या तसं छापलेलं असतं. दुसऱ्यात गोपनीयतेच्या नावाखाली सगळे आकडे गाळलेले असतात आणि पानं भरायला लेथ मशीनचा इतिहास घातलेला असतो. पहिला रिपोर्ट कंपनी अडवते आणि दुसऱ्यात तपासण्यासारखं काही उरत नाही. कॉलेजला हवा असतो तुमचा विचार: अडचण कशी ओळखली, कारण कसं सिद्ध केलं, उपाय लागू पडला हे कशावरून. कंपनीला जपायची असते मोजमापं, किमती आणि ग्राहक. या दोन गोष्टी बऱ्याच अंशी वेगळ्या काढता येतात. त्या कशा काढायच्या, एवढंच इथे सांगतो.

१. गुपित बहुतेक वेळा तुमच्या कंपनीचं नसतंच

सुटे भाग बनवणारा कारखाना बहुधा दुसऱ्या कुणाच्या ड्रॉइंगवर काम करतो. गाडी बनवणारी कंपनी ड्रॉइंग देते, त्यासोबत गोपनीयतेचा करार करते आणि कारखाना त्या कराराने बांधलेला असतो. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकात याबद्दल स्वतंत्र कलमच आहे, ८.१.२. ग्राहकासाठी करारावर बनणारी आणि विकसित होत असलेली उत्पादनं, प्रकल्प आणि त्यासंबंधीची माहिती गोपनीय राखणं कारखान्याला त्यानुसार बंधनकारक आहे. त्यामुळे शॉप फ्लोअरवरच्या साहेबांनी मोठ्या मनाने ‘टाक रे, काही होत नाही’ म्हटलं तरी ती परवानगी पुरत नाही. जे त्यांच्या मालकीचंच नाही, ते देण्याचा अधिकार त्यांना नसतो.

म्हणून प्रत्येक गोष्टीबद्दल एकच विचारा: ही कुणाची? ड्रॉइंग आणि टॉलरन्स बहुधा ग्राहकाचे. फिक्स्चर आणि प्रोसेसचा क्रम कारखान्याचा. गेजची रचना कधी गेज बनवणाऱ्याची. तुमचं स्वतःचं काय, तर निरीक्षणाची पद्धत, प्रयोगाची आखणी आणि निष्कर्षापर्यंत नेणारा युक्तिवाद. रिपोर्ट उभा राहायला हवा तो या शेवटच्या भागावर.

रुजू होताना तुम्ही जो कागद सही करून दिलात, तोही वाचा. बहुतेक मुलं तो वाचत नाहीत. भारतात व्यापारी गुपितांसाठी अजून स्वतंत्र कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्याखाली तुम्ही केलेला करार हाच मुख्य आधार. ‘गोपनीय माहिती’ची व्याख्या किती रुंद केली आहे, इंटर्नशिप संपल्यावर बंधन किती काळ राहतं आणि शैक्षणिक रिपोर्टासाठी वेगळी लेखी परवानगी लागते का, ही तीन वाक्यं शोधली तरी बरंच कळतं.

२. परवानगी विषय ठरताना मागा, छपाईच्या आदल्या दिवशी नको

ब्लॅक बुक बांधायला टाकायची आहे आणि सही हवी आहे म्हणून विद्यार्थी दुपारी येतो, तेव्हा माझ्याकडे दोनच पर्याय उरतात: नाही म्हणणं किंवा न वाचता सही करणं. दुसरं मी करत नाही. इंटर्नशिपच्या सुरुवातीलाच एका पानाची टिपणी करून घ्या. त्यात प्रोजेक्टचं नाव, रिपोर्टात काय जाईल, काय झाकून जाईल आणि काय अजिबात जाणार नाही हे लिहा. कंपनीचा मार्गदर्शक आणि कॉलेजचा गाईड, दोघांच्या सह्या घ्या. तपासणीला किती दिवस लागतील तेही त्यातच ठरवा. आमच्याकडे ग्राहकाला विचारावं लागलं तर आठवडे जातात.

याचा आणखी एक फायदा आहे. काय झाकायचं हे आधीच ठरलं, की वहीत नोंदी घेतानाच तुम्ही दोन थर ठेवता. खरे आकडे कंपनीच्या संगणकावर राहतात आणि बदललेले आकडे तुमच्याकडे येतात. खरा डेटा तुमच्या लॅपटॉपवर आलाच नाही, तर तो तिथून बाहेर पडण्याचाही प्रश्न नाही.

३. मोजमाप बदला, नातं तसंच ठेवा

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो. यातले आकडे मी या लेखापुरते रचले आहेत. गणित मात्र खऱ्या रिपोर्टासारखंच आहे.

एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट होता बोअरच्या रीवर्कचा. टर्निंग सेंटरवर भागाच्या मधलं भोक, म्हणजे बोअर, मर्यादेपेक्षा लहान निघत होतं आणि ते नग पुन्हा मशीनवर चढवावे लागत होते. ड्रॉइंगप्रमाणे बोअर २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवा. तिने मोजलं तेव्हा सरासरी आली २५.००८ आणि सिग्मा, म्हणजे प्रमाण विचलन, ०.००३. खालच्या मर्यादेच्या बाजूने सीपीके ०.८९. वाहन उद्योगात साधारण १.३३ च्या वर अपेक्षा असते, म्हणजे प्रक्रिया कमकुवतच.

‘सर, बोअरचा साइझच काढला तर माझ्या प्रोजेक्टमध्ये उरतं काय?’ असं तिने विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. तिला मी सांगितलं, साइझ काढू नकोस, पट्टी बदल. टॉलरन्सचा मध्य शून्य धर, खालची मर्यादा उणे १०० आणि वरची अधिक १००.

```
y = 100 × (x − M) / H
M = टॉलरन्सचा मध्य, H = टॉलरन्सच्या निम्मे
```

इथे मध्य २५.०१०५ आणि निम्मा टॉलरन्स ०.०१०५. सरासरी २५.००८ ची झाली उणे २३.८. सिग्मा ०.००३ चा झाला २८.६. आता सीपीके पुन्हा काढा: उणे २३.८ पासून उणे १०० पर्यंतचं अंतर ७६.२, त्याला सिग्माच्या तिपटीने, म्हणजे ८५.७ ने भागा. उत्तर तेच, ०.८९. मोजमापं आणि मर्यादा दोन्हींवर एकच वजाबाकी आणि एकच भागाकार केला, तर सीपीके जराही हलत नाही. कंट्रोल चार्टवरचा आकारही तोच राहतो आणि मर्यादेबाहेर गेलेला बिंदू बाहेरच दिसतो. व्यास कळला नाही, टॉलरन्स कळला नाही, पण परीक्षकाला पूर्ण विश्लेषण तपासता आलं.

तिने शोधलेलं कारण सुरेख होतं. ऑपरेटर मशीनमधून काढलेला कोमट नग लगेच बोअर गेजने मोजायचा, आणि गेज ज्या मास्टर रिंगवर शून्य केलेला ती रिंग बाजूला टेबलावर थंड. पोलाद तापलं की फुगतं, बोअरही मोठा दिसतो. मोठा दिसला म्हणून ऑपरेटर ऑफसेट कमी करायचा आणि नग थंड झाल्यावर बोअर लहान भरायचा. तिने तेच नग गरम असताना आणि निवल्यावर असे दोनदा मोजले आणि फरक दाखवला. उपाय म्हणून नग मास्टर रिंगशेजारच्या स्टँडवर निवू द्यायचे, मगच मोजायचे आणि एका नगावरून ऑफसेट न बदलता चार्टवरचा कल पाहून बदलायचा, असा नियम झाला. त्यानंतर सरासरी मध्याजवळ, उणे १.९ वर आली, सिग्मा २२.९ वर उतरला आणि सीपीके १.४३ झाला.

या कथेत कुठेही खऱ्या मोजमापाची गरज पडली नाही. मात्र झाकण्याचं सूत्र रिपोर्टात सरळ लिहा: ‘गोपनीयतेमुळे मोजमापं टॉलरन्सच्या प्रमाणात दिली आहेत.’ न सांगता आकडे बदलले, तर ती बनावट होते, आणि तिला गोपनीयतेचं नाव देता येत नाही. गैरसोयीचे बिंदू गाळणं किंवा सिग्मा हाताने कमी करणंही त्यातच मोडतं. सगळ्या आकड्यांवर एकच जाहीर रूपांतर, एवढाच यातला प्रामाणिक मार्ग आहे. शक्य असेल तर गाईडना एकदा कारखान्यात बोलावून मूळ आकडे कंपनीच्या पडद्यावर दाखवा. तशी टीप रिपोर्टात आली, की परीक्षकाचा विश्वास वाढतो.

४. एक उघडा आकडा बाकी सगळे उघडे पाडतो

रूपांतर केलं म्हणजे काम झालं असं वाटतं, पण खरी तपासणी इथून पुढे सुरू होते. वरच्याच उदाहरणात मूळ व्यास परत मिळवायच्या वाटा पाहा.

पहिली वाट जोडपत्रातली. सीएनसी प्रोग्रामची दोन पानं शोभेला जोडली आणि त्यात एका ओळीत `X25.01` असं दिसलं, की संपलं. टर्निंगच्या प्रोग्राममध्ये एक्सची किंमत सहसा व्यासाचीच असते.

दुसरी वाट भौतिकशास्त्रातली. रिपोर्टात लिहिलं, की नग मास्टरपेक्षा १२ अंशांनी गरम होता आणि त्यामुळे बोअर सुमारे ३.४५ मायक्रॉनने मोठा दिसला. पोलादाचा प्रसरण गुणांक, अंशाला दर मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन, कुणीही पुस्तकात पाहू शकतो. भागाकार केला की व्यास येतो बरोबर २५ मिलिमीटर. म्हणून तिथे मायक्रॉन लिहायचेच नाहीत. ‘निम्म्या टॉलरन्सच्या ३३ टक्के’ असं लिहायचं. मुद्दा तेवढाच ठसतो, कारण एवढ्या मोठ्या चुकीने प्रक्रिया सरकणारच हे वाचणाऱ्याला कळतं.

तिसरी वाट सर्वांत सूक्ष्म आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गेजचं लघुत्तम माप, म्हणजे लीस्ट काउंट, एक मायक्रॉन असं तिसऱ्या प्रकरणात दिलं आणि पाचव्यात बदललेल्या वाचनांचा कच्चा तक्ता छापला. त्या तक्त्यातल्या शेजारच्या दोन किमतींमधलं सर्वांत लहान अंतर नेहमी ९.५२ येतं. ते अंतर म्हणजेच एक मायक्रॉन. मग १०० म्हणजे साडेदहा मायक्रॉन आणि पूर्ण टॉलरन्स २१ मायक्रॉन. प्रमाणित टॉलरन्सच्या तक्त्यात २१ मायक्रॉन ही १८ ते ३० मिलिमीटर व्यासाच्या गटातली ओळखीची किंमत आहे. जाणकाराला एवढा धागा पुरतो. उपाय सोपा आहे. कच्चा तक्ता छापू नका; पाच-पाच नगांच्या सरासरीचा चार्ट द्या, किमती पूर्णांकात आणा, हिस्टोग्रामचे गट रुंद ठेवा. गेजची क्षमता लीस्ट काउंटने सांगण्याऐवजी टॉलरन्सच्या किती टक्के चूक आहे, अशी सांगा.

पैशांचंही तसंच. महिन्याला वाचलेले रुपये आणि कमी झालेले नग दोन्ही दिले, तर एका नगाच्या रीवर्कचा खर्च निघतो आणि त्यावरून किमतीचा अंदाज बांधता येतो. सुरुवातीचा महिना १०० धरून निर्देशांक द्या. लाइनवरचं सगळ्या कारणांचं रीवर्क १०० वरून ६४ वर आलं, हे वाक्य रुपयांशिवायही स्वतःच्या पायावर उभं राहतं.

तपासायची माझी रीत अशी: त्या कामाशी संबंध नसलेल्या पण विषय जाणणाऱ्या सहकाऱ्याला मसुदा द्यायचा आणि सांगायचं, यातून भागाचा साइझ, ग्राहक किंवा किंमत काढून दाखव. त्याला जे सापडतं, ते परीक्षकालाही सापडेल.

५. कंपनीचं नाव लपवून फारसं साधत नाही

‘एक्सवायझेड प्रायव्हेट लिमिटेड’ असं सगळीकडे लिहायचं आणि पहिल्याच पानामागे कंपनीच्या लेटरहेडवरचं इंटर्नशिपचं प्रमाणपत्र जोडायचं, असं मी वारंवार पाहतो. त्याच विद्यार्थ्याच्या लिंक्डइनवर कंपनीचं नाव असतंच. म्हणून नाव कळणारच असं धरून मजकूर लिहा. नाव कळूनही हानी होणार नाही, इतपत आतला मजकूर सुरक्षित हवा. कंपनीने नाव वगळायचाच आग्रह धरला, तर प्रमाणपत्र विभागात स्वतंत्र जमा करायची परवानगी गाईडमार्फत घ्या. आणि ग्राहकाचं नाव मात्र कुठल्याच कारणाने नको. ‘दुचाकींसाठीचा फिरणारा भाग’ एवढं पुरतं. मॉडेलचं नाव, भागाचा क्रमांक, कुठल्या राज्यातल्या प्लँटला जातो, यातलं काहीही लागत नाही.

६. फाइलच्या पोटात काय आहे ते पाहा

छापलेलं पान स्वच्छ असलं तरी फाइल तशी असतेच असं नाही. एक्सेलमधला चार्ट कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट करताना एम्बेडचा पर्याय निवडला, तर चार्टसोबत पूर्ण वर्कबुक आत येतं. चार्टवर दोनदा क्लिक केलं, की मूळ मोजमापांची शीट समोर उघडते. चार्ट नेहमी चित्र म्हणूनच पेस्ट करा. वर्डमध्ये कापलेल्या फोटोचा कापलेला भागही फाइलमध्येच राहतो, तो वेगळा काढून टाकावा लागतो. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकवर काळी पट्टी ठेवून पीडीएफ केली, तर पट्टीखालचा मजकूर बऱ्याचदा सिलेक्ट करून कॉपी होतो. म्हणून ड्रॉइंग झाकू नका. आवश्यक तेवढं रेखाचित्र हाताने नव्याने काढा, प्रमाणात नसलेलं, मापांशिवाय. शेवटी वर्डमधलं `File > Info > Check for Issues > Inspect Document` चालवा, म्हणजे टिप्पण्या, ट्रॅक केलेले बदल आणि लेखकाची माहिती दिसेल आणि काढता येईल.

फोटोंबाबत माझं मत कडक आहे: शॉप फ्लोअरचे फोटो नकोतच. मशीनचा फोटो म्हणून काढलेला असतो आणि मागे फळ्यावर दिवसाचं उत्पादन, ट्रॉलीवर जॉब कार्ड, नगावर कोरलेला क्रमांक दिसतो. मोबाइलच्या फोटोत जागेचा पत्ताही साठलेला असू शकतो. एखादा फोटो लागलाच, तर कंपनीनेच काढून द्यावा.

७. रिपोर्ट जमा झाल्यावर कुठे कुठे जातो ते विचारून घ्या

तुमची एक प्रत गाईडकडे, एक ग्रंथालयात आणि सॉफ्ट कॉपी साहित्यचौर्य तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते. टर्निटिनसारख्या प्रणालीत जमा केलेली फाइल त्यांच्या संग्रहात साठवायची की नाही, हे जमा करताना ठरवता येतं. गाईडना तो पर्याय ‘साठवू नये’ असा ठेवायला आधीच सांगा, नंतर काढणं त्रासाचं असतं. ग्रंथालयात प्रत ठरावीक काळ बंद ठेवायची विनंतीही विभागप्रमुखांकडे लेखी करता येते.

तुमच्या कामात पेटंटयोग्य काही असेल, नवं फिक्स्चर किंवा नवी पद्धत, तर त्याचा अर्ज दाखल होण्याआधी वर्णन कुठेही खुलं होऊ देऊ नका. पेटंटच्या कायद्यात नवेपणा आवश्यक असतो आणि कुणालाही वाचता येईल असा ग्रंथालयातला रिपोर्ट तो घालवू शकतो. अशा वेळी कंपनी तो भाग पूर्णच काढायला सांगेल, आणि ते बरोबर आहे.

व्हायवात लक्षात ठेवा, की समोरचा एक्स्टर्नल तुमच्या कंपनीच्या स्पर्धकाकडे काम करत असू शकतो. ‘बोअरचा साइझ काय होता?’ असं त्याने सहज विचारलं, तर ‘तो सांगायची परवानगी नाही, पण टॉलरन्सच्या प्रमाणात सगळं दाखवतो’ असं शांतपणे म्हणा आणि लगेच चार्टकडे वळा. एक्स्टर्नल म्हणून मी सांगतो, या उत्तराचे गुण मी कापत नाही. गुण कापतो ते पट्टी का बदलली आणि सीपीके का बदलला नाही, हे ज्याला सांगता येत नाही त्याचे.

८. काहीच दाखवता येत नसेल, तर प्रयोग कॉलेजात करा

कधी ग्राहक पूर्ण नकार देतो. तेव्हा अडचणीचा सांगाडा घेऊन कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बसा. वरच्या उदाहरणासाठी एक लेथ, पोलादी रॉड, बोअर गेज, मास्टर रिंग आणि साधा पृष्ठभाग-तापमापक पुरतो. कॉलेजच्या गेजला जमेल असा, कंपनीच्या भागाशी संबंध नसलेला मोठा व्यास निवडा, म्हणजे फुगवटाही स्पष्ट दिसेल. तीसेक तुकडे बोअर करा, प्रत्येक तुकडा लगेच आणि तासाभराने असा दोनदा मोजा, दोन्ही वेळचं तापमान लिहा आणि फरक प्रसरणाच्या सूत्राशी ताडून पाहा. हे आकडे तुमचे स्वतःचे असतात, ते मायक्रॉनमध्ये छापा, कच्चा तक्ताही जोडा. कंपनीतल्या अनुभवाबद्दल एक परिच्छेद तेवढा त्यांच्याकडून तपासून घ्या. असे रिपोर्ट मी परीक्षक म्हणून पाहिले आहेत आणि माझ्या मते कारखान्यातल्या अर्धवट झाकलेल्या रिपोर्टापेक्षा ते जास्त भक्कम असतात.

येत्या सत्रात इंटर्नशिपला जाणार असाल, तर पहिल्या आठवड्यातच कंपनीच्या मार्गदर्शकाकडे ती एक पानी टिपणी घेऊन जा. आमच्यासारख्यांना ती वाचायला दहा मिनिटं लागतात आणि ती नाकारायचं आम्हाला काही कारण नसतं.